विंचच्या मोटरचे अतिभारापासून संरक्षण : शंट, अँप्लिफायर आणि चारशे मिलिसेकंद

३ फेब्रुवारी

हे काम हाती घेण्याचे कारण बाकावर समोरच पडले आहे. १२ व्होल्टच्या छोट्या विंचच्या मोटरचे हे आर्मेचर असून त्याचे वॉर्निश काळे पडले आहे आणि कम्युटेटरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधला अभ्रक जळून गेला आहे. दोराचा हुक चौकटीखाली अडकला, खाली उभ्या असलेल्याला ते दिसले नाही आणि त्याने बटण दाबूनच ठेवले. मोटर जागच्या जागी जाम झाली, तरीही ४० अँपिअरचा फ्यूज शाबूत राहिला. लोकांना याचे नवल वाटते, पण यात फ्यूजचा दोष नाही. पात्याचा फ्यूज तारांना शॉर्ट सर्किटपासून वाचवण्यासाठी असतो आणि त्याच्या आकड्याच्या सुमारे दीडपट प्रवाहाला तो कित्येक सेकंद तग धरू शकतो. एवढा वेळ जाम मोटरच्या तांब्याला मिळत नाही.

म्हणून प्रवाह मोजायचा, तो किती वेळ वाहतो ते पाहायचे आणि मोटरचा पुरवठा आपणच तोडायचा, असा बेत ठरवला आहे. फ्यूज बॅटरीजवळ आहे तिथेच राहील, कारण त्याचे काम निराळे आहे.

५ फेब्रुवारी

नवी मोटर बसवली आणि डीसी क्लॅम्प मीटरने आधी तिचा स्वभाव पाहिला. क्लॅम्प मीटर दर वेळी तारेभोवती अडकवण्यापूर्वी शून्यावर आणावा लागतो. तसे न केल्यास जबड्यात उरलेले चुंबकत्व एकदोन अँपिअरची थाप मारते.

मोकळ्या दोराला ३.२ अँपिअर, ६० किलो उचलताना १७ अँपिअर आणि ८५ किलो उचलताना २४ अँपिअर प्रवाह मिळाला. ड्रम लाकडी ठोकळ्याने अडवून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापुरता झटका दिला, तेव्हा मोटरच्या टोकांवर ११.२ व्होल्ट असताना ५८ अँपिअर वाहिले. म्हणजे ब्रशांसह मोटरचा रोध ०.१९३ ओहम झाला. हा आकडा पुढे तापमान काढण्यासाठी उपयोगी पडणार असल्याने तो थंड मोटरवर घेतल्याची नोंद येथे करून ठेवतो.

खरी अडचण सुरुवातीच्या क्षणात आहे. मोटर फिरू लागेपर्यंत तिच्यात विरोधी व्होल्टेज तयार होत नाही, त्यामुळे निरोगी मोटरही बटण दाबताच जाम मोटरइतकाच प्रवाह ओढते. ऑसिलोस्कोपवर पाहिले, तर ६० किलो भार असताना प्रवाह ५२ अँपिअरपर्यंत चढला आणि १८० मिलिसेकंदांत ३० च्या खाली आला. म्हणजे केवळ आकडा पाहून निरोगी मोटर आणि जाम मोटर वेगळी ओळखता येणार नाही. त्या दोघींमधला फरक वेळेत आहे.

८ फेब्रुवारी

प्रवाह मोजण्यासाठी त्याच्या वाटेत घालायचा बारीक रोध, म्हणजे शंट, निवडला : ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट, म्हणजे १.५ मिलिओहम. पितळी ठोकळ्यांच्या मधोमध मँगॅनिनच्या पट्ट्या आहेत. मँगॅनिन घेण्याचे कारण असे की तापल्यावर त्याचा रोध जवळजवळ बदलत नाही. तांब्याची तार शंट म्हणून वापरली असती, तर दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के चूक पदरात आली असती. असे शंट सततच्या वापरात त्यांच्या आकड्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक चालवू नयेत, असा संकेत आहे. आमचा १७ अँपिअर त्यात सहज बसतो, कारण तेवढ्यावर शंटमध्ये जेमतेम ०.४३ वॉट उष्णता होते. जाम स्थितीत ती ५ वॉटवर जाईल, पण अर्ध्या सेकंदापुरतीच.

याहून मोठ्या रोधाचा शंट घेतला असता तर सिग्नल मोठा मिळाला असता, पण मोटरच्या वाट्याचे व्होल्टेज तेवढे कमी झाले असते. बारा व्होल्टांत ही उधळपट्टी परवडत नाही.

शंट बॅटरीच्या ऋण बाजूला लावला आणि पेटीत हाताशी असलेल्या एलएम ३५८ ने ५० पट अँप्लिफायर बांधला. ऋण बाजू निवडण्याचे कारण निव्वळ सोय हे होते : तिथले व्होल्टेज जमिनीलगत असते, त्यामुळे कोणताही साधा ऑप-अँप चालतो.

९ फेब्रुवारी

ती सोय महागात पडली. क्लॅम्प मीटर १७ अँपिअर दाखवत होता आणि आमचे यंत्र ९.९. तब्बल ७.१ अँपिअर कुठे गेले, याचा शोध घेण्यात अख्खा दिवस गेला आणि शेवटी एकाऐवजी दोन चोर सापडले.

पहिला चोर ऑप-अँपमध्येच होता. मोटर काढून त्या जागी छोटे दिवे एकेक करून लावले, तेव्हा प्रवाह १.४ अँपिअरवर जाईपर्यंत आउटपुट शून्यावरून हललेच नाही. एलएम ३५८ चा इनपुट ऑफसेट दोनतीन मिलिव्होल्ट असणे स्वाभाविक आहे आणि माहितीपत्रक ७ मिलिव्होल्टपर्यंत मुभा देते. आमच्या नगाचा ऑफसेट उलट्या दिशेने २.१ मिलिव्होल्ट निघाला. १.५ मिलिओहमवर २.१ मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर १.४ अँपिअर. ऑफसेट सुलट दिशेचा असता, तर बंद मोटरचाही प्रवाह दिसला असता आणि चूक लगेच लक्षात आली असती. उलटा ऑफसेट मात्र शून्याआड लपतो.

उरलेल्या ५.७ अँपिअरांचा पत्ता क्लॅम्प मीटरनेच दिला. बॅटरीचे ऋण टोक एका जाड तारेने लोखंडी चौकटीला जोडलेले आहे. त्या तारेत वास्तविक काहीच वाहायला नको होते, पण मीटर तिच्याभोवती अडकवताच ५.७ आकडा आला. नियंत्रण पेटीचे ऋण टोकही बोल्टाने चौकटीवर आवळलेले होते. त्यामुळे मोटरचा परतीचा प्रवाह दोन वाटांनी जात होता, एक शंटमधून आणि दुसरी चौकटीतून. चौकटीची वाट हिशेबाने सुमारे ३ मिलिओहमची निघाली, म्हणजे शंटच्या फक्त दुप्पट. त्यामुळे एक तृतीयांश प्रवाह शंटला वळसा घालून निघून जात होता.

पेटीखाली रबर घालून हा वळसा बंद करता आला असता. पण पुढे कोणी एखादा दिवा किंवा भोंगा चौकटीला ऋण जोडून बसवला की तोच घोळ पुन्हा होणार आणि संरक्षण गुपचूप आंधळे होणार. शंट धन बाजूलाच हवा, असे ठरवले.

१४ फेब्रुवारी

धन बाजूला शंटची दोन्ही टोके जमिनीपासून १२ व्होल्ट उंच असतात आणि त्यांच्यातला फरक मात्र मिलिव्होल्टांत असतो. साध्या ऑप-अँपभोवती चार रेझिस्टर लावून हा फरक काढता येतो, पण त्या रेझिस्टरांच्या जोड्यांत एक टक्क्याची तफावत असली तरी १२ व्होल्टांतला अंश आउटपुटमध्ये झिरपतो आणि काही मिलिव्होल्टांचा सिग्नल त्यात बुडून जातो. म्हणून याच कामासाठी बनवलेला आयएनए २४० घेतला आणि त्याचा ५० पटींचा, म्हणजे ए२ प्रकार निवडला. तो उणे ४ ते ८० व्होल्टपर्यंतच्या उंचीवर मोजू शकतो आणि त्याचा ऑफसेट जास्तीत जास्त २५ मायक्रोव्होल्ट असतो. आमच्या शंटवर तो दोन शतांश अँपिअरही भरत नाही.

आता साखळी अशी आहे : बॅटरीचे धन टोक, फ्यूज, शंट, मुख्य कॉन्टॅक्टर, दिशा बदलणारे दोन रिले आणि मोटर. शंटपासून निघणाऱ्या मोजणीच्या दोन बारीक तारा थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर असल्याने त्या कुठे घासून चौकटीला टेकल्या, तर जळतील. म्हणून प्रत्येकीत १० ओहमचा रेझिस्टर बसवला, तोही बोर्डाजवळ न बसवता शंटजवळ. यापेक्षा मोठा रेझिस्टर घालण्याचा मोह टाळावा, कारण मग आयएनए २४० चा गुणक घसरू लागतो. आउटपुटवर १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावले आहेत. ब्रशांची खरखर त्यात विरते आणि उशीर होतो तो फक्त एका मिलिसेकंदाचा.

हे आउटपुट वाचणाऱ्या आर्डुइनो नॅनोवर १ अँपिअर म्हणजे ७५ मिलिव्होल्ट, म्हणजेच सुमारे १५ पायऱ्या. मापनाची कमाल मर्यादा ६६ अँपिअरच्या आसपास येते आणि ५८ तिच्या आत बसतो.

१५ फेब्रुवारी

आता क्लॅम्प मीटर १७ दाखवतो आणि यंत्र २१.६. आधी कमी दाखवत होते, आज जास्त दाखवते.

अँप्लिफायर बदलून पाहिला, प्रोग्रॅममधले गुणक तपासले, सगळे जागेवर होते. चूक माझ्या सहकाऱ्याच्या हाताने सापडली. सैल वाटला म्हणून तो शंटचा मोठा नट पान्याने आवळत होता आणि म्हणाला, "अहो, मी पाना फिरवतोय तसा आकडा उतरतोय, बघा." खरोखरच २१.६ वरून आकडा १९.८ वर आला होता.

शंटला चार टोके असतात : बाहेरच्या बाजूला दोन मोठे बोल्ट प्रवाहासाठी आणि आतल्या बाजूला दोन छोटे स्क्रू मोजणीसाठी. नव्या पेटीत जागा अडचणीची असल्याने मी मोजणीच्या तारांची लग मोठ्या बोल्टाखाली, जाड केबलच्या लगवर दाबली होती. त्यामुळे शंटच्या १.५ मिलिओहमखेरीज लग आणि पितळ यांच्यातला संपर्करोधही मोजला जात होता. जास्तीचे ४.६ अँपिअर म्हणजे ६.९ मिलिव्होल्ट. त्याला १७ ने भागले की ०.४ मिलिओहम येतो. एरवी हाताच्या मापात न येणारा हा रोध इथे सव्वीस सत्तावीस टक्क्यांची चूक करत होता. शिवाय तो स्थिर नव्हता, कारण नट, गंज आणि तापमान यांबरोबर तो बदलतो. गुणक बदलून ही चूक झाकता आली असती, पण ती महिनाभरात पुन्हा उघडी पडली असती.

तारा छोट्या स्क्रूंवर हलवल्या, एकमेकींभोवती पिळल्या आणि आकडा १७.१ वर आला. नंतर मुद्दाम मोठा नट अर्धा फेरा सैल केला, तरी आकडा हलला नाही. शंटची जोडणी बरोबर आहे की नाही हे पाहण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. ती करून झाल्यावर नट पुन्हा घट्ट आवळावा, नाहीतर तोच सांधा तापतो.

२० फेब्रुवारी

आता मोटर किती सोसते ते ठरवायचे. बाहेरून हात लावून किंवा कवचावर तापमापी चिकटवून याचे उत्तर मिळत नाही, कारण वाइंडिंग आधी तापते आणि कवच मागाहून. तांब्याचा रोध हीच तापमापी मानली. ८५ किलोच्या भारावर, म्हणजे २४ अँपिअरवर, मोटर चालवली आणि ६० व १२० सेकंदांनी ड्रम अडवून पुन्हा तसाच छोटा झटका देऊन रोध काढला. भार एवढा वेळ वर जाऊ शकत नसल्याने दोराऐवजी ड्रमवर घर्षणाचा पट्टा आवळून तेवढाच प्रवाह राखला होता.

थंड असताना ०.१९३, साठ सेकंदांनी ०.२१६ आणि एकशेवीस सेकंदांनी ०.२२८ ओहम. दर अंशाला ०.३९ टक्के धरले, तर तापमानातील वाढ अनुक्रमे सुमारे ३१ आणि ४७ अंश येते. ब्रशांचा रोध यात मिसळलेला असून तो तांब्यासारखा वाढत नाही, त्यामुळे खरी वाढ याहून थोडी अधिकच असणार. दुसऱ्या मिनिटातली वाढ पहिल्याच्या साधारण निम्मी आहे, यावरून वाइंडिंगचा कालांक सुमारे ९० सेकंद निघतो. हाच वेग चालू राहिला असता, तर २४ अँपिअरवर वाढ ६३ अंशांपाशी आणि २० अँपिअरवर ४४ अंशांपाशी स्थिरावली असती. मात्र कवच पुढे कितीतरी वेळ तापत राहते आणि हा साधा हिशेब ते धरत नाही. म्हणून सततची मर्यादा २० अँपिअरच ठेवली.

२२ फेब्रुवारी

दुसऱ्या दिवशी केलेल्या दुरुस्त्यांसह प्रोग्रॅमचा गाभा एवढाच आहे. दर १० मिलिसेकंदांनी तो एकदा चालतो.

```
float I = (adc - zero) * 0.0651;
float tau = running ? 90.0 : 270.0;
theta += (I * I - theta) * 0.010 / tau;
if (I > 35.0) over += 10;
else          over = max(0, over - 20);
if (over >= 400 || theta > 400.0) trip();
```

`theta` म्हणजे वाइंडिंगच्या उष्णतेची सावली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात होते, म्हणून २० अँपिअरची मर्यादा येथे ४०० झाली आहे. १७ अँपिअरला ही सावली २८९ वर थांबते आणि मोटर कितीही वेळ चालली तरी पुरवठा तुटत नाही. थंड मोटरवर २४ अँपिअर आले तर १०७ सेकंद मिळतात. पण मोटर १७ वर चालून आधीच तापलेली असेल, तर त्याच २४ अँपिअरला फक्त ४४ सेकंद मिळतात, आणि ते योग्यच आहे. मोटर थांबल्यावर तिच्यातली हवाही थांबते, म्हणून निवण्याचा कालांक तिप्पट धरला. तिप्पट हा माझा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही, आणि तो मुद्दाम सावध बाजूला ठेवला आहे.

ही सावली एकटी मात्र पुरत नाही. ४६ अँपिअरवर जाम झालेल्या थंड मोटरला ती १९ सेकंद देते. तेवढ्या वेळात प्रवाह एकाच जागी उभ्या असलेल्या दोन कम्युटेटर पट्ट्यांतून जात राहतो आणि वाइंडिंगआधी कम्युटेटर जळतो. दुसरी, ३५ अँपिअर आणि ४०० मिलिसेकंदांची अट त्यासाठी आहे.

२३ फेब्रुवारी

ती अट आधी ४५ अँपिअरची होती. भरलेल्या बॅटरीवर ती चोख चालली आणि मी समाधानाने बाक आवरायला घेतला होता. मग सहज जुनी, थकलेली बॅटरी लावून ड्रम अडवला, तर काहीच तुटले नाही. पडद्यावर ४१ अँपिअर दिसत होते आणि मोटर जाम होती. मी हाताने स्विच पाडला.

जाम प्रवाह हा मोटरचा ठाम गुण नव्हे, तो बॅटरीच्या व्होल्टेजला एकूण रोधाने भागून येतो. बॅटरी उतरली, केबल लांब झाली किंवा मोटर तापली की तो कमी होतो. म्हणजे मर्यादा निरोगी बॅटरीच्या जाम प्रवाहाकडे पाहून ठरवायची नसते, सर्वात दुबळ्या बॅटरीच्या जाम प्रवाहाखाली आणि सर्वात मोठ्या रास्त भाराच्या वर ठरवायची असते. आमच्याकडे ती जागा २४ आणि ४१ यांच्यामध्ये आहे, म्हणून ३५. दुबळ्या बॅटरीवर मोटर वेग घ्यायला ३१० मिलिसेकंद लावते, तेव्हा ४०० ची मुदत अजून पुरते.

`over` एकदम शून्य न करता हळूहळू उतरवण्याचे कारणही याच चाचणीत मिळाले. अडवलेला ड्रम ठोकळ्यावर थोडा मागेपुढे दचकतो, प्रवाह एका क्षणापुरता ३५ खाली येतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

२६ फेब्रुवारी

जाम स्थितीची अकरावी चाचणी. लाल दिवा लागला, प्रोग्रॅमने पुरवठा तोडल्याचे सांगितले आणि पडद्यावरचे ५० अँपिअर तसेच राहिले. सुरुवातीला पैसे वाचवून लावलेल्या ४० अँपिअरच्या रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले होते. मुख्य स्विच हाताशी होता म्हणून मोटर वाचली.

त्या जागी मोठा डीसी कॉन्टॅक्टर बसवला. संपर्क उघडताना मोटरमधल्या प्रवाहाला वाट मिळावी म्हणून दिशा बदलणाऱ्या रिलेंच्या अलीकडे, धन आणि ऋण यांच्यामध्ये उलटा डायोड घातला. तो थेट मोटरच्या टोकांवर घातला असता, तर दिशा बदलताच शॉर्ट झाला असता. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर नुसता डायोड असेल, तर कॉइलमधला प्रवाह रेंगाळतो आणि संपर्क सावकाश उघडतात. तेच चिकटण्याचे एक कारण आहे, म्हणून तिथे डायोडबरोबर झेनर लावला. शिवाय तोडल्यानंतर १०० मिलिसेकंदांनी प्रवाह शून्य झालेला नसेल, तर भोंगा वाजावा, अशी सोय केली.

२ मार्च

अखेरची चाचणी. पुरवठा तुटल्यावर ज्याला घाई असते तो मुख्य स्विच बंद करून चालू करतो, कारण त्यामुळे प्रोग्रॅम सगळे विसरतो आणि गरम मोटर थंड समजली जाते. म्हणून पुरवठा तुटताच ती खूण ईईप्रॉममध्ये लिहिली जाते आणि चालू होताना `theta` ४०० पासूनच सुरू होते. ती २५० वर येईपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ सेकंद, वर नेण्याचे बटण चालत नाही. खाली उतरवण्याचे बटण मात्र चालते, नाहीतर भार अधांतरी लटकत राहील. उतरवताना प्रवाह ६ अँपिअरच लागतो आणि जामची अट तेव्हाही जागी असते.

८५ किलो लावून मोटर गरम केली आणि पुरवठा तुटू दिला. भार गिअरवर जागच्या जागी थांबला. सहकाऱ्याने सवयीने मुख्य स्विच पाडला, पुन्हा चढवला आणि वरचे बटण दाबले. लाल दिवा तसाच राहिला. त्याने दोनदा दाबून पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि खालचे बटण दाबून भार जमिनीवर टेकवला.